फॉर्म्युले पुसले गेलेल्या वर्कबुकची आधीची आवृत्ती परत मागणारे पत्र: आयटी विभागाला काय लिहावे, कसे लिहावे

हंगाम सुरू झाला की चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणी या भागातल्या साखर कारखान्यांत ऊस वाहतुकीची बिले पंधरवड्याला काढली जातात आणि बहुतेक ठिकाणी ती एखाद्या एक्सेल वर्कबुकमध्येच तयार होतात. एका शीटवर वजनकाट्याच्या नोंदी असतात, दुसऱ्यावर अंतराच्या टप्प्यांचे दर, आणि तिसऱ्यावर प्रत्येक खेपेची रक्कम, उचलीची कपात व निव्वळ देय. या तिसऱ्या शीटवरचे आकडे कुणी टाइप करत नाही, ते फॉर्म्युल्यातून येतात. नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्यांकडून, आणि खरे तर जुन्यांकडूनही, होणारी एक चूक अशी की बँकेला पाठवायची यादी करताना तीन रकाने कॉपी करून त्याच जागी `Paste Values` केले जाते आणि फाइल सेव्ह होते. त्यानंतर पडद्यावर काहीही बिघडलेले दिसत नाही. आकडे तेच असतात, बेरीज जुळते, एररही येत नाही. फक्त त्या आकड्यांमागचा फॉर्म्युला गेलेला असतो.

अशा वेळी आयटी विभागाला (आपल्याकडच्या काही कारखान्यांत अजूनही त्याला ईडीपी विभाग म्हणतात) जे पत्र लिहावे लागते, त्याविषयी हा लेख आहे. पत्र साधेच असते, पण त्यातली एक गोष्ट चुकली तर परत आलेली फाइल कामाची नसते. ती गोष्ट म्हणजे नेमक्या कोणत्या वेळेची प्रत हवी, हे आपण स्वतः शोधून सांगणे.

चूक झाली तो दिवस आणि लक्षात आली तो दिवस

मी या कामात नवीन असताना असेच झाले होते. मी आयटी विभागाला एका ओळीत लिहिले की फाइल खराब झाली आहे, कालची परत द्यावी. त्यांनी तत्परतेने आदल्या संध्याकाळची फाइल आणून चालू फाइलच्या जागी ठेवली. त्या फाइलमध्येही फॉर्म्युले नव्हते, कारण ते तीन दिवसांपूर्वीच गेले होते, आणि त्या दिवशी सकाळपासून भरलेल्या नोंदी मात्र निघून गेल्या. चूक आयटी विभागाची नव्हती. मी मागितले तेच त्यांनी दिले होते.

पुसलेल्या फॉर्म्युल्याचा स्वभावच असा आहे की त्याला पोसणारा एखादा आकडा बदलेपर्यंत त्याचे नसणे कळत नाही. म्हणून एक उदाहरण तारखांसह पाहू. वर्कबुकचे नाव `Vahatuk_Bill_2024-25.xlsx`. त्यात `Nondi`, `Dar` आणि `Bill` ही तीन शीट आहेत. `Bill` शीटवर १ ते १५ डिसेंबर २०२४ या पंधरवड्याच्या ४१४ खेपा ५व्या ओळीपासून ४१८व्या ओळीपर्यंत आहेत. H रकान्यात रक्कम, I मध्ये कपात आणि J मध्ये निव्वळ देय आहे. H5 या पहिल्या सेलमध्ये मुळात असा फॉर्म्युला होता:

```
=ROUND(F5*VLOOKUP(E5,Dar!$A$2:$C$40,3,FALSE),2)
```

F5 मध्ये खेपेचे वजन १६.८५० टन आहे आणि E5 मध्ये अंतराचा टप्पा. त्या टप्प्याचा दर उदाहरणापुरता टनाला २८५ रुपये धरला, तर रक्कम ४,८०२.२५ येते. शुक्रवारी, २० डिसेंबरला, हा दर २९२ असा दुरुस्त केला. रक्कम ४,९२०.२० व्हायला हवी होती, पण सेलमध्ये ४,८०२.२५ तशीच राहिली. सेलवर क्लिक केल्यावर वरच्या फॉर्म्युला पट्टीत `=ROUND` ऐवजी नुसते `4802.25` दिसले. बिघाड लक्षात आला तो क्षण हा.

आता मागे जायचे. फॉर्म्युले शेवटचे जिवंत कधी होते, याचा पुरावा बहुधा आपल्याच टेबलावर सापडतो. सोमवारी, १६ डिसेंबरला, सकाळी अकराच्या सुमारास दुसऱ्या एका टप्प्याचा दर बदलला होता आणि एकूण बेरीज बदलली होती, कारण बदलाआधीचे व नंतरचे दोन्ही प्रिंट कागदांच्या फाइलला लावलेले आहेत. म्हणजे त्या वेळी फॉर्म्युले चालू होते. मंगळवारी, १७ डिसेंबरला, दुपारी तीन ते साडेचारच्या दरम्यान बँकेसाठी यादी केली गेली, आणि ती पाठवलेल्या ईमेलवर वेळ आहे. त्या ईमेलला जोडलेली फाइल उघडून पाहिली तर H, I, J रकान्यांत नुसते आकडे आहेत. एवढ्यावरून निष्कर्ष निघतो की १७ डिसेंबरला दुपारी तीनच्या आधीची कोणतीही प्रत चालेल, आणि जितकी तीनच्या जवळची तितकी बरी.

फाइलच्या गुणधर्मांत दिसणाऱ्या `Date modified` वर मात्र विसंबू नये. तिथे केवळ शेवटच्या सेव्हची वेळ असते आणि आपल्या उदाहरणात ती २० डिसेंबर आहे.

पत्राआधी करायच्या दोन-तीन गोष्टी

बिघाड लक्षात येताच त्या फाइलवर काम करणाऱ्या सगळ्यांना सांगून नवीन नोंदी थांबवाव्यात, किंवा निदान वेगळ्या कोऱ्या शीटवर घ्याव्यात. ज्याच्या संगणकावर ती चूक झाली, त्याच्याकडे फाइल तेव्हापासून बंदच झाली नसेल तर `Ctrl+Z` दाबत मागे जाता येते. फाइल एकदा बंद झाली की हा मार्ग संपतो. फाइलचे नाव बदलू नये आणि ती दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवू नये. सर्व्हरवरच्या जुन्या प्रती त्याच जागेच्या, त्याच नावाच्या फाइलशी जोडून शोधल्या जातात. नाव बदलले की त्या नष्ट होत नाहीत, पण शोधणाऱ्याला त्या समोर दिसत नाहीत आणि मूळ फोल्डरच्या जुन्या प्रतीतून शोधत बसावे लागते.

फाइल कुठे आहे हेही पाहावे. ती वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर असेल तर `File`, मग `Info`, मग `Version History` येथे जुन्या आवृत्त्या वेळेसह दिसतात आणि पत्राची गरजही पडत नाही. ती कार्यालयाच्या सर्व्हरवरील सामाईक फोल्डरमध्ये असेल तर फाइलवर उजवे क्लिक करून `Properties` मधला `Previous Versions` हा टॅब उघडावा. तिथे प्रती दिसल्या तर `Open` करून पाहायला हरकत नाही, पण `Restore` हे बटण दाबू नये, कारण ते जुनी प्रत चालू फाइलच्या जागी आणून ठेवते आणि मधल्या दिवसांच्या नोंदी जातात. यादी रिकामी असली तरी निराश होण्याचे कारण नाही. सर्व्हरचा वेगळा बॅकअप असू शकतो आणि तो आपल्याला दिसत नाही, आयटी विभागालाच दिसतो. फाइल जर आपल्याच संगणकाच्या डेस्कटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर असेल, तर मात्र आयटी विभागाकडे तिची प्रत असण्याची शक्यता फार कमी. तेव्हा ईमेलला जोडलेल्या जुन्या फाइली शोधणेच हाती उरते.

शेवटचे काम म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता काढणे. आपण तोंडी `Z:` ड्राइव्ह म्हणतो, पण ते अक्षर प्रत्येक संगणकावर वेगळे असू शकते. आयटी विभागाला सर्व्हरचे नाव हवे असते. `cmd` उघडून पुढील आज्ञा दिली की कोणते अक्षर कोणत्या सर्व्हरवरील फोल्डरला जोडलेले आहे, ते दिसते:

```
net use
```

पत्रात वापरायचे शब्द

"फाइल करप्ट झाली" असे लिहू नये. हा शब्द वाचला की आयटी विभाग फाइल दुरुस्तीचे किंवा व्हायरस तपासणीचे काम हाती घेतो. "फाइल गेली" असे लिहिले तर ती डिलीट झाली असे समजून ते शोधू लागतात. आपली फाइल जागेवर आहे, उघडते आहे, आतले काही सेल मात्र बदलले आहेत, हे स्पष्ट वाक्यात लिहावे आणि ते कशामुळे झाले तेही लिहावे. कुणी केले हे लिहिण्याची गरज नसते. त्याने जुनी प्रत शोधायला काहीच मदत होत नाही, आणि नाव लिहायचे की नाही या विचारात पत्रच दोन दिवस रखडते. हे दोन दिवस महाग पडू शकतात, कारण सर्व्हरवर जुन्या प्रतींसाठी राखलेली जागा भरली की सर्वांत जुन्या प्रती आपोआप काढल्या जातात. म्हणून त्याच दिवशी आधी फोन करावा आणि लगेच मागोमाग पत्र द्यावे.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. पत्रव्यवहार मराठीत चालत असला तरी सर्व्हर सांभाळणारी व्यक्ती गोकाकची किंवा हुबळीकडची असू शकते आणि तिला कन्नड वाचणे सोपे जात असते. त्यासाठी सगळे पत्र बदलण्याचे कारण नाही. फाइलचा पत्ता, शीटचे नाव, सेलची व्याप्ती आणि वेळ एवढा भाग पडद्यावर दिसतो तशाच अक्षरांत व आकड्यांत, वेगळ्या ओळींवर लिहावा. तारखेत महिना अक्षरांत असावा. `4/12` ही एका संगणकावर ४ डिसेंबर असते आणि दुसऱ्यावर १२ एप्रिल. वेळेपुढे भारतीय वेळ असेही नोंदवावे, कारण काही बॅकअप प्रणाली जागतिक वेळ दाखवतात आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. आपल्या दुपारच्या तीनला तिथे सकाळचे साडेनऊ असतात. हा फरक लक्षात न घेता तिथली "15:00 च्या आधीची" प्रत घेतली, तर ती आपल्या रात्री साडेआठच्या आधीची, म्हणजे फॉर्म्युले पुसल्यानंतरचीही निघू शकते.

पत्राचा नमुना

दिनांक: २० डिसेंबर २०२४

प्रति,
मा. विभागप्रमुख,
आयटी विभाग, मुख्य कार्यालय.

विषय: वाहतूक बिलाच्या वर्कबुकची १७ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी ३ पूर्वीची प्रत वेगळ्या ठिकाणी मिळण्याबाबत.

महोदय,

आज दुपारी दूरध्वनीवर कळवल्याप्रमाणे, अकाउंट्स विभागाच्या सामाईक फोल्डरमधील खाली नमूद केलेल्या वर्कबुकमध्ये `Bill` या शीटवरील तीन रकान्यांतील फॉर्म्युल्यांवर `Paste Values` झाल्यामुळे त्यांच्या जागी केवळ आकडे राहिले आहेत. फाइल जागेवर आहे व व्यवस्थित उघडते. ती डिलीट झालेली नाही किंवा खराबही झालेली नाही.

```
\\FS01\Accounts\Vahatuk\Vahatuk_Bill_2024-25.xlsx
Sheet: Bill     Range: H5:J418
Required copy: 17-Dec-2024, before 15:00 IST (nearest)
If not found:  16-Dec-2024, after 11:00 IST
```

१६ डिसेंबर रोजी सकाळी ११ वाजता दरातील बदलानंतर बेरीज बदलल्याचे प्रिंट आमच्याकडे आहेत, त्यामुळे त्या वेळी फॉर्म्युले अस्तित्वात होते. १७ डिसेंबर रोजी दुपारी ३ ते ४.३० या वेळेत ते पुसले गेले. त्यामुळे १७ तारखेच्या संध्याकाळची किंवा त्यानंतरची प्रत उपयोगी पडणार नाही.

कृपया ही जुनी प्रत चालू फाइलच्या जागी ठेवू नये, कारण १७ डिसेंबरनंतर `Nondi` या शीटवर दुसऱ्या पंधरवड्याच्या खेपा भरल्या गेल्या आहेत व त्या आम्हाला हव्या आहेत. जुनी प्रत त्याच फोल्डरमध्ये `Restored` नावाचा उपफोल्डर करून `Vahatuk_Bill_17Dec.xlsx` या नावाने ठेवावी आणि ती वाचण्याची परवानगी अकाउंट्स विभागातील वाहतूक बिल टेबलला द्यावी, ही विनंती. जी प्रत सापडेल तिची तारीख व वेळ आम्हाला कळवावी.

पहिल्या पंधरवड्याचे बिल २३ डिसेंबर रोजी सकाळी मंजुरीसाठी जाणार आहे. तोपर्यंत चालू फाइलमध्ये आम्ही नवीन नोंदी करणार नाही.

आपला विश्वासू,
(नाव, हुद्दा, विस्तारित दूरध्वनी क्रमांक)

या नमुन्यातल्या एका तपशिलाचे कारण सांगायला हवे. जुन्या प्रतीला वेगळे नाव मागितले आहे, कारण एकाच नावाची दोन वर्कबुक एक्सेल एकाच वेळी उघडू देत नाही, मग ती वेगवेगळ्या फोल्डरमध्ये का असेनात. आपल्याला तर दोन्ही शेजारी-शेजारी उघडून काम करायचे आहे. पर्यायी वेळ लिहिली आहे तीही कामाची असते, नाहीतर १७ तारखेची सकाळची प्रत नसल्यास आयटी विभागाला पुन्हा विचारावे लागते आणि मध्ये एक दिवस जातो.

प्रत मिळाल्यावर

मिळालेली प्रत उघडून आधी खात्री करावी की तिच्यात फॉर्म्युले आहेत. `Bill` शीटवरच्याच एखाद्या रिकाम्या सेलमध्ये पुढील फॉर्म्युला लिहिला की त्या व्याप्तीतल्या किती सेलमध्ये फॉर्म्युला आहे, ती संख्या मिळते. `ISFORMULA` हे फंक्शन एक्सेल २०१३ पासून उपलब्ध आहे.

```
=SUMPRODUCT(--ISFORMULA(H5:J418))
```

४१४ ओळी आणि तीन रकाने, म्हणजे उत्तर १,२४२ यायला हवे. चालू फाइलमध्ये याच फॉर्म्युल्याचे उत्तर ० येईल. जुन्या प्रतीत १,२४२ ऐवजी समजा १,२३९ आले, तर लगेच प्रत चुकीची आहे असे मानू नये. आधी `H5:J418` ही व्याप्ती निवडून `F5` ही कळ दाबावी, मग `Special` मध्ये `Constants` निवडले की ते तीन सेल उजळून दिसतात. कधी कधी रस्ता बंद असल्याने लांबून आलेल्या गाडीची ठरलेली रक्कम मुद्दाम हाताने टाकलेली असते आणि ते तीन आकडे तसेच ठेवायचे असतात. त्यांचे पत्ते आणि आकडे कागदावर लिहून घ्यावेत, कारण पुढच्या पायरीत ते सहज पुसले जाऊ शकतात. यानंतर जुन्या प्रतीतच `Dar` शीटवर तो एक दर २८५ चा २९२ करून पाहावा. H5 मध्ये ४,९२०.२० दिसले की ही प्रत आपल्याला हवी तीच आहे. मग ती सेव्ह न करता बंद करून पुन्हा उघडावी.

आता फॉर्म्युले चालू फाइलमध्ये न्यायचे. त्याआधी चालू फाइलची एक प्रत बाजूला ठेवावी. जुन्या प्रतीतले सेल थेट कॉपी करून चालू फाइलमध्ये पेस्ट केले तर एक अडचण येते. फॉर्म्युला दुसऱ्या शीटकडे पाहत असल्याने तो आपल्याच फाइलच्या `Dar` शीटकडे न पाहता जुन्या प्रतीच्या `Dar` शीटकडे पाहू लागतो:

```
=ROUND(F5*VLOOKUP(E5,[Vahatuk_Bill_17Dec.xlsx]Dar!$A$2:$C$40,3,FALSE),2)
```

उत्तर बरोबर दिसते, पण चालू फाइलमध्ये दर बदलला की काहीच होत नाही, म्हणजे आपण पुन्हा सुरुवातीलाच येतो. हे टाळण्याचा साधा उपाय असा की जुन्या प्रतीत H5 वर जाऊन वरच्या फॉर्म्युला पट्टीतला मजकूर निवडून कॉपी करावा, `Esc` दाबावे, चालू फाइलच्या H5 मध्ये जाऊन तो फॉर्म्युला पट्टीत पेस्ट करावा आणि मग ४१८व्या ओळीपर्यंत खाली ओढावा. I5 आणि J5 साठीही असेच. हाताने टाकलेल्या त्या तीन सेलमध्ये कागदावरचे आकडे परत भरावेत. शेवटी `Ctrl+F` ने `[` हे चिन्ह शोधावे, आणि `Look in` मध्ये `Formulas` निवडलेले असावे. काही सापडले नाही तर फाइल स्वतःच्याच शीटकडे पाहते आहे.

नंतर दोन बेरजा ताडून पाहाव्यात. चालू फाइलमध्ये दर क्षणभर २८५ केला तर ज्या खेपांची वजने १७ तारखेनंतर दुरुस्त झालेली नाहीत, त्यांच्या रकमा जुन्या प्रतीशी पैशासकट जुळायला हव्यात. जुळत नसतील तर फरक असलेल्या ओळी शोधाव्यात. त्या बहुतेक वेळा दुरुस्त वजनाच्याच निघतात आणि काट्याची पावती काढून त्यांची खात्री करता येते. मग दर २९२ करून फाइल सेव्ह करावी.

सगळे जुळल्यावर आयटी विभागाला दोन ओळींचे उत्तर द्यावे: १७ डिसेंबर रोजी अमुक वेळेची प्रत मिळाली, `H5:J418` मधील फॉर्म्युले चालू फाइलमध्ये परत घेतले, पहिल्या पंधरवड्याचे बिल मंजूर होईपर्यंत `Restored` उपफोल्डर ठेवावा आणि त्यानंतर तो काढून टाकण्यास आमची हरकत नाही.